ढवळीच्या फ्लॅटचा वीज लोड २ किलोवॅटवरून ५ किलोवॅट करून घेण्याबाबत

ढवळी, फोंडा
ता. १२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रमाकांतकाका,

सप्रेम नमस्कार. काकींनाही नमस्कार सांगा.

मी भाड्याने राहतो त्या तुमच्या फ्लॅट नंबर २०४ च्या वीज जोडणीसंबंधी एक विनंती आहे. फोनवर आकडे नीट पोहोचत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. जोडणी तुमच्या नावावर असल्यामुळे लोड वाढवण्याचा अर्ज तुमच्या सहीनेच व्हायला हवा. बेळगावहून येण्याची गरज पडू नये म्हणून बाकीची धावपळ मी इथे करतो.

बिलावर मंजूर लोड २ किलोवॅट छापलेला आहे. फ्लॅट घेतला तेव्हा घरात पंखे, दिवे, फ्रिज आणि टीव्ही एवढंच असणार, त्यामुळे तेव्हा तो पुरेसा होता. आता मी घरूनच नोकरी करतो आणि सकाळी नऊपासून माझं टेबल चालू असतं. आजचा भार असा आहे: दीड टनाचा एसी १.६ किलोवॅट, १५ लिटरचा गिझर २, वॉशिंग मशीन ०.४, कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, राउटर आणि यूपीएस मिळून ०.४, फ्रिज ०.२, दिवे-पंखे ०.३. बेरीज ४.९ किलोवॅट. म्हणून ५ मागायचा विचार आहे. इस्त्री १ किलोवॅटची आहे, पण ती गिझर बंद असतानाच लावतो.

२३० व्होल्टवर ४.९ किलोवॅट म्हणजे सुमारे २१ अँपिअर. घरातल्या वितरण पेटीत, म्हणजे डीबीत, जास्त भार आला की वीज तोडणारा मेन एमसीबी १६ अँपिअरचा आहे. सकाळी गिझर आणि मशीन चालू असताना एसी लावला की एमसीबी तापून पडतो, कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. एमसीबी पडतो तो मंजूर लोड कमी आहे म्हणून नव्हे. वीज खात्याच्या कागदावरचा आकडा बदलला म्हणून घरातला एमसीबी पडायचा थांबणार नाही. तो पडतो कारण भार त्याच्या १६ अँपिअरपेक्षा जास्त होतो, आणि असं पडून तो त्याच्यामागची बारीक वायर वाचवतो आहे. मीटर बोर्डावरून आपल्या डीबीपर्यंत आलेली वायर २.५ चौरस मिलिमीटरची आहे, आणि जिन्यातल्या पाइपमधून इतर फ्लॅटच्या वायरींना चिकटून येते, त्यामुळे तिची उष्णता बाहेर पडत नाही. एका वायरमनने "३२ चा एमसीबी टाका, सुटेल प्रश्न" असं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. मोठा एमसीबी टाकला तर पडणं थांबेल, पण तापत राहील ती भिंतीतली वायर. डीबीचं झाकण उघडून घेतलं तेव्हा न्यूट्रलच्या स्क्रूपाशी वायरचं आवरण बोटभर तपकिरी आणि कडक झालेलं दिसलं. तो स्क्रू घट्ट करून घेतला आहे आणि तूर्तास गिझर व एसी एकत्र लावत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो.

म्हणून अर्ज आणि वायर ही दोन्ही कामं बरोबरच व्हायला हवीत. नुसती वायर बदलली तर मंजुरीपेक्षा जास्त भार ओढला जाईल, आणि तपासणीत ते निघालं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी तुमच्या नावावर होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक मीटर कमाल मागणीची नोंद ठेवतो, त्यामुळे हे लपत नाही. मला तुमच्या नावावर असली नोटीस मुळीच यायला नको आहे.

वायरिंगचं काम असं: मीटर बोर्ड ते डीबी अंदाजे १४ मीटर अंतर आहे. तिथे ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन वायरी, सोबत ४ ची हिरवी अर्थिंग, स्वतंत्र पाइपमधून. डीबीत २५ अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सध्या आरसीसीबी नाहीच. पावसाळ्यात आपल्याकडे भिंती ओल्या होतात आणि बाथरूममध्ये गिझर आहे, तेव्हा तो मी वगळू देणार नाही. एसी आणि गिझरच्या वायरी २.५ च्या आहेत, त्यांना वेगवेगळे १६ चे एमसीबी पुरतात, त्या बदलायच्या नाहीत. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने मजुरीसह ९,८०० रुपये सांगितले आहेत. टेस्ट रिपोर्टही तोच देईल.

तुमच्याकडून हवं ते एवढंच: अर्जावर सही, ओळखपत्राची प्रत, सेल डीडची प्रत, घरपट्टीची शेवटची पावती आणि खालचं अधिकारपत्र. भरलेलं वीज बिल आणि भाडेकराराची प्रत मी जोडतो. थकबाकी शून्य आहे, पाहून घेतलं. एक अडचण दिसते ती आधीच सांगतो: बिलावर "रमाकांत के." असं आहे आणि सेल डीडवर पूर्ण नाव आहे. कार्यालयाने हरकत काढू नये म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं बरं.

अर्जात वर्ग "घरगुती"च राहील. इथे बोर्ड नाही, कर्मचारी नाहीत, गिऱ्हाईक येत नाही. मी राहतो तिथेच बसून नोकरी करतो. जोडणी एक फेजवरच ठेवावी अशीही विनंती अर्जात लिहू. तीन फेज घेतला तर मीटर, केबल, डीबी सगळंच बदलावं लागेल, आणि आपल्याला त्याची गरज नाही.

पैशांचं: वाढलेला स्थिर आकार दर महिन्याच्या बिलातून मी भरतो. टेस्ट रिपोर्टचा आणि अर्जाचा खर्चही माझा. खात्याची जादा सुरक्षा ठेव किती ते डिमांड नोट आल्यावर कळेल. ती आत्ता मी भरतो, पण जमा तुमच्या खात्यावर राहते, म्हणून फ्लॅट सोडताना डिपॉझिटसोबत परत द्यावी. केबल आणि डीबी कायम फ्लॅटमध्येच राहणार, तेव्हा ९,८०० पैकी निम्मे तुम्ही सोसावेत, हवं तर दोन महिन्यांच्या भाड्यातून वळते करू. हे पटत नसेल तर तुमचा आकडा सांगा, त्यावर अडणार नाही. जे ठरेल ते करारासोबत एका कागदावर लिहून ठेवू.

अधिकारपत्राचा मजकूर:

"मी, फ्लॅट क्रमांक २०४, ढवळी, फोंडा याचा मालक व वीज ग्राहक, माझे भाडेकरू श्री. मंदार यांना सदर जोडणीचा मंजूर लोड २ किलोवॅटवरून ५ किलोवॅट करण्याचा माझ्या सहीचा अर्ज वीज खात्याच्या उपविभाग कार्यालयात सादर करणे, पैसे भरणे व तपासणीवेळी हजर राहणे यांचा अधिकार देत आहे. जोडणी माझ्याच नावे राहील."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. लोड वाढल्याने माझा फ्लॅटवर कसलाही हक्क तयार होत नाही.

मीटर बोर्डावर काम करताना खात्याचं सील असलेल्या भागाला आमचा माणूस हात लावणार नाही. तिथला पुरवठा लाइनमनकडूनच बंद करून घेऊ. जिन्यातून पाइप न्यायचा असल्याने सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही एक फोन केलात तर बरं होईल, भाडेकरूच्या शब्दापेक्षा मालकाचा शब्द तिथे चालतो.

एप्रिल-मे मध्ये एसी दिवसभर चालेल, त्याआधी हे व्हावं असं वाटतं. या महिनाअखेरीपर्यंत सह्यांची पाकिटं कुरिअरने पाठवलीत तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज देता येईल. वायरमनशी स्वतः बोलायचं असेल तर सांगा, संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ कॉलवर डीबी आणि मीटर बोर्ड दोन्ही दाखवतो.

आपला,
मंदार