कुटुंबीयांसोबतच्या बैठकीची नोंद: अतिदक्षता विभाग, बेड ७

दिनांक: मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ ते ११.५०
रुग्ण: पुरुष, वय ७२, तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार. दाखल ३ नोव्हेंबर, आज नववा दिवस.
उपस्थित: पत्नी, थोरला मुलगा व सून, धाकटा मुलगा, मुलगी अबुधाबीहून व्हिडिओ कॉलवर. रुग्णालयातर्फे मी (आयसीयू कन्सल्टंट), न्यूरॉलॉजिस्ट, सिस्टर इन्चार्ज, वैद्यकीय समाजसेवक.

कुटुंबाला काय माहीत होते
आधी त्यांनाच विचारले. थोरला मुलगा म्हणाला, "मेंदूत रक्तस्राव झालाय, पण बीपी आता बरं आहे असं रात्री सांगितलं." बीपी नॉरॲड्रेनालिनच्या जोरावर टिकून आहे, हे मॉनिटरवरचे आकडे दाखवून समजावले. इथून पुढे नुसते "बीपी बरं आहे" असे कोणी सांगू नये; औषध किती चालू आहे तेही सोबत सांगावे.

आजारपण आणि पुढची शक्यता
डाव्या बाजूला खोलवर मोठा रक्तस्राव, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेले. गुंगीचे औषध बंद होऊन चार दिवस झाले. डोळे उघडत नाहीत. दुखवल्यावर हातपाय फक्त ताठ होतात (ई १, व्ही टी, एम २). त्यात व्हेंटिलेटरमुळे न्यूमोनिया, आणि कालपासून क्रिएटिनिन चढते आहे.

न्यूरॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितले की यातून वाचण्याची शक्यता फार कमी आहे. वाचलेच तर बोलणे, ओळखणे, स्वतःच्या हाताने जेवणे परत येईल असे आम्हाला वाटत नाही. मुलीने विचारले, "म्हणजे आण्णा जाणार?" उत्तर दिले, "हो, आम्हाला तीच भीती आहे." त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही; आम्हीही घाई केली नाही.

मुलीने शस्त्रक्रियेबद्दल आणि मुंबईला हलवण्याबद्दल विचारले. शस्त्रक्रियेने जाण परतणार नाही, हे न्यूरोसर्जननी पहिल्याच दिवशी सांगितले होते. धाकट्या मुलाने सीटी स्कॅन पुण्यात दुसऱ्या न्यूरोसर्जनना दाखवला, त्यांचेही मत तेच. तरीही लांबून बघणाऱ्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. सीटीच्या फिल्म आणि आजचे रिपोर्ट तिला समाजसेवक आजच पाठवतील.

रुग्णाची स्वतःची इच्छा
लेखी वैद्यकीय इच्छापत्र नाही. पत्नीने सांगितले की दोन वर्षांपूर्वी थोरले दीर दीड महिना व्हेंटिलेटरवर होते. त्यांना बघून आल्यावर हे म्हणाले, "माझं असं करू नका. हातपाय चालतायत तोवर बाग, नाहीतर मला सोडा." दोन्ही मुलांनी हे स्वतः ऐकले आहे. मुलीने ऐकले नव्हते, पण "आण्णा असंच बोलणार" असे ती म्हणाली. पुढचे निर्णय या शब्दांना धरून घ्यायचे, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

काय ठरले
शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत ७२ तास व्हेंटिलेटर, अँटिबायोटिक, नळीने आहार आणि बीपीचे सध्याचे औषध चालू राहील. न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर जाणिवेत फरक पडतो का, एवढेच पाहायचे आहे. ही मुदत मुख्यतः मुलीच्या विनंतीवरून. ती गुरुवारी रात्री पोहोचते.

हृदय थांबल्यास छाती दाबणे किंवा शॉक देणे करायचे नाही. फॉर्मवर पत्नी व दोन्ही मुलांच्या सह्या झाल्या, मुलीने कॉलवर संमती दिली, दुसऱ्या कन्सल्टंटचे मतही नोंदले आहे.

डायलिसिस आणि ट्रॅकिऑस्टॉमी कुटुंबाला नको आहे. हे दोन्ही टाळणे, तसेच शुक्रवारनंतर व्हेंटिलेटर काढण्याचा विचार, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात २०२३ साली झालेल्या सुधारणेप्रमाणेच होईल: प्राथमिक वैद्यकीय मंडळ, मग दुय्यम मंडळ, कुटुंबाची लेखी संमती आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. प्राथमिक मंडळाची कागदपत्रे आजच ठेवतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे, म्हणून शुक्रवारची वाट बघत बसायचे नाही.

थोरल्या मुलाने "डामा घेऊन घरी न्यावं का, शेवट घरात व्हावा" असे विचारले. ही इच्छा मनापासूनची आहे आणि ती बाजूला सारलेली नाही. पण नळी काढून नुसत्या ॲम्ब्युलन्सने नेल्यास वाटेतच धाप लागून हाल होतील, हे सांगितले. मंडळांच्या मतानंतर, मॉर्फिनची सोय आणि सोबत डॉक्टर देऊन घरी नेता येईल का, ते शुक्रवारी ठरवू.

तोवर दुखणे आणि धाप यांवर औषध कमी पडू द्यायचे नाही. खर्चाबाबत थोरली सून समाजसेवकांशी वेगळे बोलली. जनआरोग्य योजनेची मंजुरी कुठवर आली ते ते आज पाहतील.

नर्सिंगसाठी
भेटीच्या वेळेचे बंधन शिथिल, एकावेळी दोघे. पत्नीला रात्री बेडशेजारी खुर्ची द्यावी. तुळशीचे पाणी ओठांना लावायला हरकत नाही. तोंडात ओतू नये. रोजची माहिती दुपारी १ वाजता, धाकट्या मुलाला, कन्सल्टंटकडूनच. मुलगी पोहोचण्याआधी प्रकृती ढासळल्यास रात्री कितीही वाजता तिला व्हिडिओ कॉल लावावा.

पुढची बैठक: शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ११. ही नोंद कुटुंबाला वाचून दाखवली; पत्नीच्या सांगण्यावरून रुग्णाचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. प्रत थोरल्या मुलाकडे दिली.