धर्माचे सिद्धांत : परीक्षेआधीची उजळणी
(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

उत्तर सुरू करण्याआधी एवढं ठरवा: हा विचारवंत धर्माचा उगम सांगतोय, कार्य सांगतोय की अर्थ? गुण बहुतेक इथेच जातात.

टायलर (१८७१), फ्रेझर (१८९०). दोघांनाही उगमाचा शोध. टायलरच्या मते स्वप्न आणि मृत्यू यांचा उलगडा करताना माणसाला आत्मा सुचला, हा जीववाद. फ्रेझरचा क्रम जादू, धर्म, विज्ञान. जादूत माणूस निसर्गाला हुकूम सोडतो, धर्मात दैवताची मनधरणी करतो. पाच गुणांना एवढं पुरतं.

दुर्खीम (१९१२). दीर्घोत्तरी प्रश्न यावरच यायची शक्यता जास्त, म्हणून सावकाश वाचा. पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, आणि त्यांतून बांधला जाणारा नैतिक समुदाय, म्हणजे धर्म. या व्याख्येत देव नाही. बौद्ध धर्माचा दाखला त्यानेच दिला आहे.

पवित्र–लौकिक ही जोडी 'चांगलं–वाईट' अशी लिहू नका. पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, निषेधांनी वेढलेलं. त्यामुळे ज्याला शिवायचं नाही असं प्रेतही इथे पवित्राच्याच बाजूला पडतं. वारीतलं रिंगण आठवा. अश्व धावून गेला की वारकरी टापांखालची माती कपाळाला लावतात. घटकेपूर्वी ती साधी रानातली माती होती. बदलला तो समुदायाचा तिच्याशी असलेला संबंध. त्या गर्दीत अंगात संचारतं ते सामूहिक चैतन्य. उदाहरण आपलं आहे, दुर्खीमच्या नावावर खपवू नका. त्याची सामग्री ऑस्ट्रेलियातल्या टोळ्यांची, तीही इतरांनी लिहून ठेवलेली. तो स्वतः तिकडे कधी गेला नाही.

'समाज स्वतःलाच पूजतो, म्हणजे धर्म खोटा' हा निष्कर्ष त्याचा नाही. कोणताही धर्म खोटा नसतो, असंच तो म्हणतो.

मार्क्स (१८४४). 'अफू' सगळ्यांना पाठ असते. त्याआधीचं वाक्य मात्र कुणी लिहीत नाही: धर्म हा पिचलेल्या जीवाचा उसासा आहे. अफू इथे आधी वेदनाशामक आहे. दुखणं खरं, म्हणून इलाज परिस्थितीवर हवा.

वेबर (१९०४–०५). 'प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही आली' असं लिहिलंत की गुण गेले. कॅल्विनपंथी माणसाला मोक्षाची खात्री नव्हती. शिस्तीचं काम आणि काटकसर यांत तो निवड झाल्याची खूण शोधू लागला. ही वृत्ती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचं जुळलं, एवढाच दावा.

मॅलिनोव्स्की. ट्रोब्रिआंड बेटांवर खाजणातल्या मासेमारीला जादू लागत नाही, खुल्या समुद्रातल्या मासेमारीला लागते. जिथे धोका आणि बेभरवसा, तिथे विधी. हे कार्य व्यक्तीच्या मनासाठी, दुर्खीमचं समाजासाठी. तुलनेचा प्रश्न हमखास इथूनच निघतो.

फ्रॉईड (१९२७). धर्म हा भ्रम, म्हणजे इच्छेतून जन्मलेली श्रद्धा. भ्रम खोटाच असतो असं तो म्हणत नाही. पित्याच्या आधाराची बालपणीची ओढ हा मुद्दा मात्र राहू देऊ नका.