सराव संच: दांडिया बाजारातली अभ्यासिका आणि एक फसवा तक्ता

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका होते आहे. मंजूर बजेट 12,00,000 रुपये, मुदत 12 आठवडे. सहावा आठवडा संपला त्या शनिवारी प्रकल्प व्यवस्थापक ताईंनी विश्वस्तांपुढे हा तक्ता ठेवला. सगळ्या रकमा रुपयांत.

| काम | बजेट | आजपर्यंत व्हायला हवे होते | प्रत्यक्षात झाले | प्रत्यक्ष खर्च |
|---|---|---|---|---|
| ओल व गळती दुरुस्ती | 2,00,000 | 100% | 100% | 2,30,000 |
| गिलावा व रंग | 3,00,000 | 80% | 60% | 2,10,000 |
| वीज व नेटवर्कचे वायरिंग | 2,50,000 | 60% | 40% | 90,000 |
| टेबले व कपाटे | 3,50,000 | 20% | 30% | 1,10,000 |
| दिवे, पंखे, फलक | 1,00,000 | 0% | 0% | 0 |

याशिवाय पुढच्या कपाटांसाठी सुताराला 40,000 रुपये आगाऊ दिले आहेत. त्या पैशांचे काम अजून सुरू झालेले नाही आणि ते तक्त्यातल्या खर्चात धरलेले नाहीत.

तक्ता पाहून एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "ताई, आजपर्यंत 6,60,000 लागायचे होते, लागले 6,40,000. म्हणजे वीस हजार वाचले की आपले!"

आधी कागदावर प्रत्येक ओळीसाठी तीन आकडे काढा, किती किमतीचे काम व्हायला हवे होते, किती किमतीचे झाले आणि त्याला किती खर्च आला, मगच पर्याय वाचा. पर्याय आधी वाचले तर त्यातला एखादा आकडा ओळखीचा वाटतो आणि हात तिकडेच वळतो.

प्रश्न 1. प्रकल्पाचा कॉस्ट व्हेरिअन्स आणि शेड्यूल व्हेरिअन्स किती?
अ) CV +20,000, SV −75,000
ब) CV −55,000, SV −75,000
क) CV −75,000, SV −55,000
ड) CV −95,000, SV −75,000

प्रश्न 2. वायरिंगच्या ओळीबद्दल कोणते विधान बरोबर?
अ) 60,000 रुपये वाचले आणि काम मागे आहे
ब) 10,000 रुपये वाचले आणि काम मागे आहे
क) 10,000 रुपये जास्त लागले आणि काम मागे आहे
ड) खर्च कमी, म्हणून काम पुढे आहे

प्रश्न 3. खर्चाची आजवरची गती अशीच राहिली तर अभ्यासिका पूर्ण व्हायला एकूण किती खर्च येईल?
अ) 10,96,875
ब) 12,55,000
क) सुमारे 13,12,821
ड) सुमारे 13,53,846

प्रश्न 4. समजा, सगळे काम तीन आठवडे उशिरा, पंधराव्या आठवड्यात पूर्ण झाले. त्या दिवशी SV किती?
अ) उणे, कारण उशीर झाला
ब) शून्य
क) अधिक
ड) खर्च कळल्याशिवाय सांगता येणार नाही

उत्तरे

प्रश्न 1: ब.

आज किती किमतीचे काम व्हायला हवे होते ती प्लॅन्ड व्हॅल्यू, म्हणजे PV, किती किमतीचे झाले ती अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे EV, आणि झालेल्या कामाला किती पैसे लागले ती अ‍ॅक्च्युअल कॉस्ट, म्हणजे AC. दोन्ही टक्के बजेटलाच लावायचे, खर्चाला कधीही नाही.

```
PV = 2,00,000 + 2,40,000 + 1,50,000 + 70,000 = 6,60,000
EV = 2,00,000 + 1,80,000 + 1,00,000 + 1,05,000 = 5,85,000
AC = 2,30,000 + 2,10,000 + 90,000 + 1,10,000 = 6,40,000

CV = EV - AC = 5,85,000 - 6,40,000 = -55,000
SV = EV - PV = 5,85,000 - 6,60,000 = -75,000
```

दोन्ही सूत्रांत EV पहिला येतो, म्हणून उणे आले की बातमी वाईट. एवढे पक्के झाले की चिन्हाची चूक होत नाही. पर्याय 'क' दोन आकड्यांची अदलाबदल करणाऱ्यांसाठी ठेवला आहे. 'ड' आगाऊ रक्कम AC मध्ये मिळवणाऱ्यांसाठी. पैसे हातातून गेले हे खरे, पण त्यांच्या बदल्यात काम झालेले नाही, आणि AC म्हणजे झालेल्या कामाचा खर्च.

'अ' मात्र त्या विश्वस्तांचा हिशेब आहे, PV मधून AC वजा. या वजाबाकीला काहीच अर्थ नाही, कारण तिच्यात झालेले काम कुठेच येत नाही. काहीच काम केले नाही आणि एक पैसाही खर्चला नाही, तर याच हिशेबाने 6,60,000 रुपये 'वाचतील'. बँकेच्या पासबुकाची सवय असलेल्या माणसाला हा हिशेब इतका स्वाभाविक वाटतो, की परीक्षेतही तो चुकीच्या पर्यायांत हमखास भेटतो. ताईंनी त्यांना असे सांगावे: "काका, 6,40,000 दिले आणि हाती काम आले 5,85,000 चे. पंचावन्न हजार जास्तीचे गेले."

प्रश्न 2: ब. CV = 1,00,000 − 90,000 = +10,000, SV = 1,00,000 − 1,50,000 = −50,000. खर्च आणि वेळ यांची चिन्हे वेगवेगळी असू शकतात आणि प्रश्न काढणाऱ्याला ती तशीच आवडतात.

इथे तक्त्याकडे पुन्हा एकदा बघा, कारण खरी गोष्ट बेरजेत दबलेली आहे. ओळीओळीने SV असा येतो: दुरुस्ती 0, गिलावा −60,000, वायरिंग −50,000, टेबले-कपाटे +35,000. सुतार पुढे गेला म्हणून एकूण आकडा −75,000 वर थांबला, नाहीतर तो −1,10,000 असता. पण भिंतीतले वायरिंग आणि गिलावा अडलेला असताना पुढे आलेली कपाटे लावायची कुठे? SV रुपयांत मोजतो, कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे त्याला ठाऊक नसते. मुदत किती हलेल हे क्रिटिकल पाथच, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळीच सांगते. 'SV अधिक आहे, तरी प्रकल्प उशिरा संपू शकतो का?' असे विचारले, तर उत्तर 'हो'.

प्रश्न 3: क. CPI म्हणजे खर्चलेल्या एका रुपयात किती रुपयांचे काम झाले, BAC म्हणजे मंजूर एकूण बजेट, आणि EAC म्हणजे काम पूर्ण व्हायला लागेल तो अंदाजे एकूण खर्च.

```
CPI = EV / AC = 5,85,000 / 6,40,000 = 0.914
EAC = BAC / CPI = 12,00,000 / 0.9140625 = 13,12,821
```

CPI दोन स्थळांपर्यंतच, म्हणजे 0.91 धरला तर उत्तर 13,18,681 येते आणि पर्याय जवळजवळचे असले तर गोंधळ होतो. म्हणून भागाकार शेवटी एकदाच करा. 'ब' हे वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे: जास्तीचा खर्च एकदाच झाला आणि उरलेले काम बजेटप्रमाणे होईल, असे दिले असते तर 6,40,000 + (12,00,000 − 5,85,000) = 12,55,000. 'गती अशीच राहिली' या शब्दांखाली रेघ मारायची ती यासाठीच. 'अ' मध्ये भागण्याऐवजी गुणले आहे, 'ड' मध्ये CPI च्या जागी SPI, म्हणजे EV भागिले PV, वापरला आहे.

प्रश्न 4: ब. काम पूर्ण झाले की EV 12,00,000, आणि बाराव्या आठवड्यापासून PV सुद्धा 12,00,000 वरच थांबलेला. म्हणून SV शून्य आणि SPI 1, उशीर कितीही झालेला असो. उणीव सूत्राची आहे, आणि प्रकल्पाच्या शेवटच्या टप्प्यात SV वर विसंबू नये ते याच कारणाने. CV चे तसे नाही. पंधराव्या आठवड्यात एकूण खर्च 13,12,821 झाला असेल, तर CV −1,12,821 हा आकडा शेवटपर्यंत तसाच दिसत राहतो.