गणपतीच्या जाहिरातीचे मथळे : मोठ्या बॅटरीचा फोन

अण्णा,

कंपनीच्या पत्रकावर ठळक छापलंय, "७,००० एमएएच महाबॅटरी, ३३ वॅट फास्ट चार्जिंग". तेच मराठीत टाकूया म्हणालात. काही ठिकाणी टाकूच. पण सगळीकडे एकच ओळ चालणार नाही, म्हणून दोन तऱ्हेचे मथळे पाठवतोय. एकात फोनमध्ये काय आहे ते, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचं कुठलं काम अडत नाही ते.

पेपरात घालायचं पत्रक : शहापूर, वडगाव, टिळकवाडी

फोनचा गुण : *७,००० एमएएचची बॅटरी, या गणपतीला खास दरात.*
गिऱ्हाइकाचा फायदा : *मिरवणूक पहाटेपर्यंत. फोनही पहाटेपर्यंत.*

इथं दुसराच घ्या. बेळगावचं विसर्जन दुसरा दिवस उजाडला तरी चाललेलं असतं. व्हिडिओ काढून काढून मध्यरात्री फोन बंद पडलेला माणूस प्रत्येक गल्लीत आहे, त्याला एमएएच समजावत बसायची गरज नाही. आकडा मथळ्याखाली बारीक टाकू : "७,००० एमएएच, किंमत १५,४९९ रुपये".

हँडबिल : खानापूर, जांबोटी, कणकुंबी

गुण : *मोठी बॅटरी, दमदार फोन.*
फायदा : *रानात रेंज जाते. बॅटरी जात नाही.*

"दमदार" कुठल्याही फोनला लागतं, ते काढा. दुसरा मथळा मला सगळ्यात आवडला, पण एक सांभाळा. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो, जास्त ताकदीनं सिग्नल पाठवतो, आणि बॅटरी तिथंच जास्त खातो. म्हणजे कंपनी म्हणते तसा शहरात दोन दिवस चालणारा फोन कणकुंबीत तितका चालेलच असं नाही. म्हणून या हँडबिलावर "दोन दिवस" हे शब्द कुठंही नकोत. सोमवारी घेऊन गेलेला माणूस शुक्रवारी बाजाराला आला की दुकानात उभा राहील.

चिकोडी, रायबागचा ऊसपट्टा

*रात्री दोनला थ्री-फेज आली, तरी टॉर्चला चार्ज हाय.*

याला गुणाची जोडी लिहिलीच नाही. शेतात पाणी पाजणाऱ्याच्या खिशात फोन म्हणजे बॅटरीच असते. "हाय" तसंच ठेवा, प्रूफ बघणाऱ्याला "आहे" करू देऊ नका.

भाजीच्या गाड्यांसाठी, मार्केटमधला बॅनर

गुण : *मॅप लावा, दिवसभर चालवा.*
फायदा : *भाजी घेऊन गोव्याला, त्याच चार्जवर परत बेळगावला.*

चोर्ला घाट ज्यांचा रोजचा आहे त्यांना दुसरा मथळा लगेच कळेल. छापण्याआधी मात्र एका ड्रायव्हरला फोन देऊन, मॅप चालू ठेवून, एक फेरी करून बघा. जमलं तर छापू, नाहीतर पहिला घेऊ.

काउंटरवरचा स्टँड

*७,००० एमएएच. तुमच्या हातातल्या फोनची किती?*

इथं आकडाच वर. स्टँडजवळ आलेला गिऱ्हाईक फोन घ्यायच्या तयारीनं आलेला असतो. कॉलेजची पोरं तर सगळं पाठ करून येतात, ५,००० चे फोन त्यांच्या परिचयाचे आहेत आणि ७,००० म्हटल्यावर पुढचं ती स्वतःच बोलतात. मिरवणुकीची ओळ वाचून ती हसतील नि पुढं जातील. पण स्क्रीन नि प्रोसेसर किती खातात, यावरही बॅटरी किती टिकते ते ठरतं. पोरांनी विचारलं तर "आकडा मोठा म्हणजे सगळं मोठं" असं तुमच्या कामगारानं म्हणू नये.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस

*चार्जर र्‍हायला घरात? र्‍हाऊ दे की!*

बास. खाली काही नको, फक्त फोटो नि दुकानाचा पत्ता.

दुकानाची पाटी

६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, त्यामुळे मराठीला ओळभरच मिळेल : *चार्जर घरीच ठेवा.* कन्नड ओळ माझ्या मथळ्यावरून उतरवून घेऊ नका. कन्नड बोलणाऱ्या माणसाला फोन हातात द्या, त्याला जे सुचेल ते लिहू दे.

तुमच्या पुतण्यानं सुचवलेलं "चिंतामुक्त जीवनाचा आनंद घ्या" बाजूला ठेवलंय. फायदाच सांगतोय तो, पण ती ओळ विमा एजंटाला द्या, तोही वापरेल.

जिथं "दोन दिवस" येईल तिथं खाली ही ओळ वाचता येईल अशा अक्षरात हवी : "कंपनीच्या चाचणीनुसार, साध्या वापरात. व्हिडिओ, गेम, कमी रेंज असताना फरक पडतो." फसव्या जाहिरातीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारवाई होते, आणि कंपनीच्या पत्रकातही हीच अट मागच्या बाजूला आहे, आपण पुढं आणतोय इतकंच.

पत्रक नि हँडबिल आधी छापायला द्या, पेपरवाल्यांची चतुर्थीच्या आठवड्याची जागा लवकर भरते. चोर्ल्याची फेरी झाली की बॅनरचं कळवा.