ओंकार आणि सायली, तुमच्या विवाह नोंदणीसाठी: परिपत्रकातल्या ओळी आणि प्रत्यक्षातलं काम

विवाह नोंदणीचं परिपत्रक तुम्ही दोघांनी वाचलंत, पण त्यातली भाषा कार्यालयासाठी असते, लग्नघरासाठी नव्हे. म्हणून तुमच्याच तपशिलांवर सगळं उलगडून लिहीत आहोत. लग्न ८ फेब्रुवारी २०२६, ठाण्यात नौपाड्याच्या मंगल कार्यालयात, वैदिक पद्धतीने. ओंकारचं घर नेरूळला, सायलीचं माहेर डोंबिवलीला.

परिपत्रकाच्या मथळ्यात जो कायदा आहे तो 'महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८'. राज्यात झालेल्या लग्नाची नोंद याच कायद्याखाली होते, धर्म कोणताही असो. निकाह असेल तर पुरोहिताच्या जागी काझी आणि पत्रिकेऐवजी निकाहनामा, एवढाच फरक. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असे निर्देश दिले. नोंद केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. मात्र जोडीदाराचा व्हिसा, विम्याचा दावा, निवृत्तिवेतन, वारसाहक्क, असं काही समोर आलं की पहिल्यांदा हाच कागद मागतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा: विधी झालेलेच नसताना नुसतं प्रमाणपत्र काढलं तर हिंदू विवाह कायद्यानुसार ते लग्न ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे व्हिसाच्या घाईपोटी 'आधी नोंदणी करून घेऊ, विधी नंतर' हा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

तुमचं काम 'विवाह नोंदणी'चं आहे, म्हणजे झालेल्या लग्नाची नोंद. 'नोंदणी विवाह' वेगळा. तो विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर होतो. त्यासाठी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं, आधी नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस लावून ठेवतात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न करावं लागतं. सायलीच्या मैत्रिणीचं लग्न आंतरधर्मीय आहे, तिला हाच रस्ता. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की महापालिकेत पुन्हा नोंद करण्याची गरज नसते. तुमची आणि तिची वाट वेगळी आहे, तिची कागदांची यादी तुम्ही वापरू नका.

आता कार्यालय कोणतं. ओंकार नेरूळला राहतो, म्हणून नवी मुंबई महानगरपालिकेचं नेरूळ विभाग कार्यालय. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत आणि आपल्या पत्त्याच्या विभागातच अर्ज द्यायचा असतो. इथे दरवेळी फसतात ते खारघर, कामोठे, कळंबोलीवाले. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलेलं असतं, पण हा भाग पनवेल महानगरपालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतो. ओंकारच्या आत्याच्या खारघरच्या पत्त्यावरून नेरूळला अर्ज करू म्हटलंत तर पहिल्याच टेबलावरून परत पाठवतील.

मुदत ९० दिवसांची. लग्नाच्या तारखेपासून मोजलं तर तुमचा नव्वदावा दिवस ९ मे २०२६. तो दुसरा शनिवार. त्याआधी १ मेची सुटी, आणि मे म्हणजे साक्षीदार गावी जाण्याचा महिना. म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा हीच तुमची खरी मुदत समजा. मुदत उलटली तरी नोंद होते, फक्त शुल्क वाढतं आणि उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं.

अर्जाचा मुख्य कागद म्हणजे नमुना 'ड', विवाहाचं ज्ञापन. यात वर, वधू, तीन साक्षीदार आणि पुरोहित या सगळ्यांची नावं, वयं, पत्ते आणि सह्या येतात. दोन प्रती भरा. एका प्रतीवर १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं असतं. तिकीट घरी चिकटवू नका. ते सोबत न्या आणि खिडकीवर सांगतील त्या जागी लावा. चुकीच्या कागदावर लावलेलं तिकीट काढता येत नाही, शंभर रुपये पुन्हा जातात.

या नमुन्यातली सगळ्यात अडणारी जागा पुरोहिताची सही. लग्नानंतर दीड महिन्याने गुरुजींना गाठायला निघालात तर ते कुठल्या गावी मुहूर्तावर असतील सांगता येत नाही. म्हणून कोरा नमुना लग्नाआधीच आणून ठेवा. मंगलाष्टकं, सप्तपदी आटोपून गुरुजी दक्षिणेला बसतील तेव्हा त्यांची सही, पूर्ण नाव, वय, पत्ता आणि मोबाइल घ्या, त्यांच्या आधार कार्डाची प्रतही मागून ठेवा. हे काम सायलीच्या भावाकडे आधीच सोपवा, तुम्हा दोघांना त्या गडबडीत जमणार नाही.

कागदपत्रं. वयाच्या पुराव्यासाठी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जन्मदाखले, पासपोर्ट असेल तर तोही चालतो. वराचं वय लग्नाच्या दिवशी २१ पूर्ण आणि वधूचं १८ पूर्ण असायला हवं. वयासाठी आधार कार्डावर विसंबू नका, ते ओळखीसाठी आणि पत्त्यासाठी ठेवा. रहिवासाचा पुरावा दोघांचाही लागतो. ओंकार, तुझ्या आधारवर अजून साताऱ्याचा पत्ता आहे. तो नेरूळचा करून घे. तोवर वेळ नसेल तर घराचा नोंदणीकृत भाडेकरार आणि त्याच पत्त्याचं तुझ्या नावाचं वीजबिल किंवा बँकेचं पासबुक जोड. नुसतं घरमालकाच्या नावाचं वीजबिल नेलंस तर त्यावरून तू तिथे राहतोस हे सिद्ध होत नाही.

मूळ लग्नपत्रिका लागते, झेरॉक्स नाही. एक पत्रिका आजच वेगळी काढून ठेवा, लग्नानंतर सगळ्या वाटल्या जातात. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. पत्रिकेवर तारीख, स्थळ आणि दोघांची नावं स्पष्ट असावीत. तुमच्या पत्रिकेत ७ तारखेची हळद आणि ९ तारखेचं स्वागत हेही छापलं आहे, तेव्हा ज्ञापनात तारीख लिहिताना लग्नाचीच, ८, लिहा. विधी चालू असतानाचा एक फोटो, ज्यात दोघांचे चेहरे ओळखू येतील असा. वरमाला किंवा सप्तपदीचा उत्तम. स्टेजवर पाहुण्यांसोबतचा फोटो चालत नाही, त्यात विधी दिसत नाही. पासपोर्ट आकाराचे फोटो प्रत्येकी सहा ठेवा, तिन्ही साक्षीदारांचे दोन-दोन. सगळ्या प्रती स्वयंसाक्षांकित करा आणि मूळ कागद सोबत असू द्या. मूळ कागद पाहून परत देतात, जमा करून घेत नाहीत. कोणी ठेवून घेतो म्हणालं तर द्यायचे नाहीत.

तुमच्या दोघांचंही पहिलंच लग्न आहे, म्हणून घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला लागणार नाही. परिपत्रकातला तो परिच्छेद सोडून द्या.

नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पत्रिकेवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच क्रमाने, त्याच अक्षरांत आहे का ते बघा. सायली, तुझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'दत्तात्रय' आहे आणि आधारवर 'दत्ता'. यातलं एक दुरुस्त करून घे. लग्नाआधी झालं तर उत्तम, नाही तर नोंदणीला जाण्याआधी नक्की. ज्ञापनात तुझं माहेरचंच नाव येईल. सासरचं नाव घ्यायचं असेल तर ते प्रमाणपत्र मिळाल्यावर, त्याच कागदाच्या आधारे आधार, पॅन आणि बँकेत बदलायचं. नाव तसंच ठेवायचं असेल तर काहीच करावं लागत नाही, कायद्याची त्याला हरकत नाही. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे द्या. प्रमाणपत्र छापून झाल्यावर एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी वेगळा अर्ज आणि नव्या फेऱ्या.

साक्षीदार तीन. प्रौढ हवेत आणि लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेले हवेत, कारण ते 'आमच्यासमोर लग्न झालं' एवढंच सांगायला येतात. नातेवाईक चालतात, पत्ता कोणत्याही गावचा चालतो. वर, वधू आणि पुरोहित स्वतः साक्षीदार होत नाहीत. प्रत्येकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि मूळ कागद. तिघांनाही तुमच्यासोबत एकाच वेळी निबंधकांसमोर सही करावी लागते. म्हणून मानापानाने निवड करू नका. साताऱ्याहून मोठे काका येणं सन्मानाचं आहे, पण कामाच्या दिवशी सकाळी नेरूळला पोहोचणारे तिघं हवेत. एक ओंकारकडचा, एक सायलीकडची आणि एक जवळच राहणारा मित्र, आणि चौथ्याला लग्नालाच सांगून ठेवा. तिसरा साक्षीदार लोकलमध्ये अडकला की सगळ्यांची रजा वाया जाते.

शुल्काचे शासनाच्या नियमांतले दर असे: ९० दिवसांच्या आत ५० रुपये, त्यानंतर वर्षाच्या आत १०० आणि वर्षानंतर २००. यावर महापालिका प्रमाणपत्राच्या प्रतींचं आणि सेवेचं आपलं शुल्क आकारते, ते खिडकीजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं. १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट वेगळं. जे काही द्याल त्याची पावती घ्या, पावतीवर नसलेला एक रुपयाही देऊ नका. कार्यालयाबाहेर 'सगळं करून देतो' म्हणणारे भेटतील. साक्षीदारांसह हजर राहण्यातून तेही तुमची सुटका करू शकत नाहीत, मग पैसे कशाचे?

त्या दिवशीचा क्रम सरळ आहे. आधी कागद तपासणी, मग शुल्क भरून पावती, मग निबंधकांसमोर पाचही जणांच्या सह्या, मग नोंद. सह्या ज्ञापनावर आणि ओळखपत्रावर सारख्या हव्यात. प्रमाणपत्र नमुना 'ई'मध्ये मिळतं. हातात येताच खिडकीवरून हलण्याआधी दोघांनी मिळून प्रत्येक ओळ वाचा: नावं, वयं, लग्नाची तारीख, नोंदणीची तारीख, पत्ता, क्रमांक. चूक दिसली तर तिथेच दाखवा.

ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येते. अर्ज पूर्ण असूनही विलंब लावला तर फलकावर लिहिलेल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, फक्त पावती क्रमांक जपून ठेवा. प्रमाणपत्राच्या दोन जादा प्रती त्याच दिवशी मागा. ओंकारला कंपनी परदेशी पाठवणार असेल तर मूळ प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, लागू शकतो. म्हणून ती प्रत लॅमिनेट करू नका, लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उठत नाही.