दुसरी वेलांटी

कागदी कप कोपराला लागला तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शालनने आधी पहिल्या पानाचं प्रूफ उचललं, मग कीबोर्ड. पंचवीस वर्षांची सवय, कागद पहिला. तोवर अर्धा कप गोड चहा डाव्या बाजूच्या बटणांखाली मुरला होता. तार काढून तिने कीबोर्ड उलटा केला, रद्दीने पुसला, पंख्याखाली धरला. परत जोडला तर D, F आणि R गेलेली.

मराठीत म्हणजे काय गेलं, ते तिला ‘पाणी’ लिहायला गेल्यावर कळलं. इनस्क्रिप्टमध्ये D वर पाय मोडायचा, F वर पहिली वेलांटी, R वर दुसरी. शिफ्ट दाबून येणारे अ, इ, ई पण त्यांच्याबरोबरच गेले. ‘पूर’ लिहिता येत होतं, ‘पाणी’ नाही. राजाराम बंधारा अख्खा येत होता, पण त्यावरची पातळी येत नव्हती.

पावसाची चौकट समोरच होती. तिने तालुके टाइप करून बघितले. कागल, आजरा, चंदगड, भुदरगड, गगनबावडा, हातकणंगले सुखरूप. करवीर, शिरोळ, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गडहिंग्लज बुडाले. बारातले बरोबर सहा.

आणि नेमकी आजच मथळ्यात चूक होती. ‘पंचगंगा धोका पातळीवर, ३९ फुट’. ३९ ही इशारा पातळी, धोक्याची ४३. हे असं छापून गेलं असतं तर नदीकाठच्या माणसांनी रात्रीत गाठोडी बांधली असती. शिवाय ‘फुट’. फूट दीर्घ, फुटांवर ऱ्हस्व, हे शिकवून तिची जीभ झिजली होती.

“दिगू, तुझा कीबोर्ड दे की दोन मिनिटं.”

“काकू, पान लावालोय. दीडला प्लेटला द्यायचंय.” त्याने मान वर केली नाही. नवा कीबोर्ड स्टोअरच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली शियेच्या कारकुनाकडे, आणि कसबा बावड्यातून शियेला जाणाऱ्या रस्त्यावर पाणी.

“मथळा मी दुरुस्त करतो, सांगा.”

“मथळा एक. आत अकरा बातम्या हायत.”

दिगूने मग मान वर केली. “वरची F8, F9, F10 चालू हायत न्हवं? ती कोण वापरतंय? अक्षरं तिकडं हलवूया. घरच्या फोल्डरात .Xmodmap नावाची फाईल करा, मी सांगतो तसं लिहा. के, ई, वाय, सी, ओ, डी...”

“डी कुठनं आणू? तोच मेलाय.”

त्याला हसू आलं. तिला नाही आलं. मग तिलाच सुचलं. स्क्रीनवर old नावाचं फोल्डर होतं, त्यातला d माउसने उचलला. page1.PDF मधून D आणि F. एकेक अक्षर खिळ्यासारखं वेचून तिने तीन ओळी जुळवल्या.

```
keycode 74 = U094D U0905
keycode 75 = U093F U0907
keycode 76 = U0940 U0908
```

“७४ म्हंजे F8. पुढचे आकडे अक्षरांचे.”

पाय मोडायच्या चिन्हाचा आकडा D ने संपत होता आणि ते बसायचंही D वर. पहिल्या वेलांटीचा F ने, तीही F वर. दुसरी वेलांटी मात्र 0 ने संपून R वर. तिची नजर असल्याच ठिकाणी अडकायची. “काकू, दीड,” दिगू म्हणाला.

```
xmodmap ~/.Xmodmap
```

एंटर. तिने F10 दाबलं. पडद्यावर नुसती वेलांटी उमटली, पोटात रिकामं गोल घेऊन, अक्षराची वाट बघत. तिने खोडली आणि ‘पाणी’ लिहिलं.

हात ऐकत नव्हता. डावं मधलं बोट मेलेल्या D वरच जायचं आणि ‘धोक्याची’चं ‘धोकयाची’ व्हायचं. स्वतःचंच लिहिलेलं तिला दोनदा तपासावं लागलं, असं पहिल्या वर्षानंतर झालं नव्हतं. ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे’ या तीन शब्दांत बोट तीन वेळा वरच्या ओळीला गेलं. मथळा झाला, ‘पंचगंगा इशारा पातळीवर, ३९ फूट’. एक सत्तावीसला पान गेलं.

सकाळच्या पाळीला येणाऱ्या कुलकर्णीकाकांना कोण सांगणार? तिने प्रूफच्या कोऱ्या बाजूवर लाल पेनने लिहिलं, ‘F8 पाय. F9 पहिली. F10 दुसरी. मशीन बंद करू नये, नाहीतर परत xmodmap.’ चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली. मग पेन परत उघडून खाली जोडलं, ‘चहा झाला, पण कीबोर्डला.’

बाहेर पाऊस लागूनच होता. गेटवरच्या मामांनी छत्री पुढे केली.

“पाणी किती झालं, ताई?”

“एकोणचाळीस. इशारा हाय, धोका न्हवं.”

“मग निजतो मी,” मामा म्हणाले.