मुद्रितशोधक पदासाठीच्या तुमच्या अर्जाबद्दल

प्रिय स्नेहल,

नमस्कार.

मुद्रितशोधकाच्या जागेसाठी या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. ही जागा आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही. असा निरोप शेवटच्या ओळीपर्यंत लांबवला की वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागतो, म्हणून तो आधीच सांगितला.

जागा एकच होती. चाचणीपर्यंत बावीस जण पोहोचले, मुलाखतीला आम्ही चौघांना बोलावलं आणि त्या चौघांत तुम्ही होतात. निर्णय सोपा नव्हता, हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून काय आवडलं आणि कुठे कमी पडलं, ते चाचणीची पानं समोर ठेवूनच लिहिते.

अकराव्या पानावर ‘शके १८४० (इ. स. १९२८)’ असं छापलं होतं. तुम्ही समासात लिहिलंत, ‘शकात ७८ मिळवले तर १९१८ येतं, लेखकाला विचारावं.’ चाचणीत आम्ही मुद्दाम पेरलेल्या चुकांमध्ये ही नव्हती. ती आमचीच, खरोखरची, राहून गेलेली चूक होती. बावीस जणांपैकी ती फक्त तुम्हाला दिसली. त्यातही आकडा परस्पर न बदलता ‘लेखकाला विचारावं’ असं लिहिलंत, हे मला जास्त आवडलं. ‘कवीसंमेलन’चं ‘कविसंमेलन’ आणि ‘विद्यार्थीदशा’चं ‘विद्यार्थिदशा’ पुष्कळांनी केलं. पण एकटा ‘कवी’ दीर्घ आणि समासात तो ऱ्हस्व का, हे मुलाखतीत तुमच्याइतकं नीट कुणी सांगितलं नाही.

आता अडलं कुठे ते. पहिलं कारण मोठं आहे आणि त्यात तुमची चूक काहीच नाही. पुढची दोन वर्षं आमचं निम्मं काम जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांचं आहे. ही पुस्तकं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत, ती युनिकोडमध्ये आणताना रफाराचे आणि ऱ्या-ऱ्हाचे हाल होतात. मागे एका पाककृतींच्या पुस्तकात पंगतीच्या वर्णनात ‘आचार्यांनी फोडणी दिली’ असं होऊन बसलं होतं. आचाऱ्यांचे आचार्य झाले आणि दोन प्रुफं हाताखालून गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. (दुसरं प्रूफ माझ्याच हाताखालून गेलं होतं.) निवड झालेल्या उमेदवाराने हे रूपांतराचं काम सात वर्षं केलं आहे. तुम्ही ते केलेलं नाही, असं स्वतःहून स्पष्ट सांगितलंत. या जागेवरच्या माणसाला पहिल्या आठवड्यापासून ते करावं लागणार आहे आणि शिकवायला आमच्याकडे सध्या मोकळा हात नाही.

दुसरं कारण तुमच्या पेनाचं आहे. चाचणीतल्या लेखात १८४८च्या सुमाराच्या गद्याचा एक उतारा होता. त्यातल्या ‘असें’, ‘कीं’, ‘नाहीं’ यांवरचे सगळे अनुस्वार तुम्ही काढून टाकलेत. आजच्या लेखनाला ते बरोबर आहे. पण महामंडळाच्या नियमांतच अपवाद सांगितला आहे की केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाबरहुकूम छापायचं. कथेतही तसंच झालं. म्हातारी म्हणते ‘पाव्हणं आल्याती’ आणि तुम्ही तिच्या तोंडी ‘पाहुणे आले आहेत’ घातलंत. मिरजेकडची बोली तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते, त्यामुळे मला जरा गंमतच वाटली. मुलाखतीत हे दाखवल्यावर तुम्ही हसून म्हणालात, ‘लाल पेन हातात आलं की थांबवत नाही.’ मला ते उत्तर आवडलं, कारण माझीही पहिली दोन वर्षं तशीच गेली. कुठे हात लावायचा नाही, हे नियमांच्या पुस्तकापेक्षा छापून आलेल्या चुकांतून जास्त समजतं. पण नव्या आवृत्त्यांच्या कामात नेमका तोच संयम आधी लागतो.

तुमच्या वयाचा, मिरजेहून पुण्यात राहायला येण्याचा किंवा मधल्या तीन वर्षांच्या खंडाचा या निर्णयाशी काही संबंध नाही. खंडाबद्दल तुम्ही मुलाखतीत दोनदा खुलासा केलात. त्याची गरज नव्हती आणि पुढे कुठेही मुलाखतीला गेलात तर तो करू नका, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं. येत्या एप्रिलमध्ये बालसाहित्य आणि ललित विभागासाठी एक जागा निघण्याची शक्यता आहे. त्या कामात जुन्या फाँटचा प्रश्न फारसा येत नाही. जागा निघेलच असं वचन मी देऊ शकत नाही आणि निघाली तरी निवड पुन्हा सगळ्या अर्जांमधूनच होईल. तुमच्यासाठी ती राखून ठेवली आहे असं समजून हातातली दुसरी संधी कृपया सोडू नका. पण जागा निघाली तर जाहिरात देण्याच्या आधी तुम्हाला मेल येईल. तुमची ही चाचणी वर्षभर ग्राह्य धरू, त्यामुळे ती चोवीस पानं पुन्हा तपासावी लागणार नाहीत. अर्ज थेट याच पत्त्यावर पाठवा, मी वाचेन.

तोवर काही करावंसं वाटलं तर एक सुचवते. जुन्या फाँटमधलं एखादं प्रकरण मिळवून ते स्वतः युनिकोडमध्ये आणा आणि मूळ छापील पानाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. वीस पानं केलीत तरी कुठे काय तुटतं ते डोळ्यांना कळायला लागतं. एप्रिलच्या जागेसाठी ही अट नाही, पण या क्षेत्रात कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल.

तुमची चाचणीची पानं माझ्या शेऱ्यांसह उद्या पोस्टाने पाठवते, तुम्ही मागितली होती म्हणून. माझे शेरे हिरव्या शाईत आहेत, लाल तुमचंच राहू दिलं आहे. चाचणीचं मानधन १,५०० रुपये आणि येण्याजाण्याचं भाडं या आठवड्यात तुमच्या खात्यात जमा होईल. परतीचं तिकीट तुम्ही दिलं नव्हतं, त्यामुळे जातानाचंही भाडं येतानाइतकंच धरलं आहे. तुमचा अर्ज आणि माहिती आम्ही एप्रिलपर्यंत ठेवू. ती आधीच काढून टाकायला हवी असेल तर एका ओळीचा मेल पुरे.

निर्णयाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फोनवर बोलायचं असलं तर मंगळवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर मी टेबलावर असते. सकाळी प्रुफं चालू असतात, तेव्हा मी कुणाशीच धड बोलत नाही.

गेल्या शनिवारी गाडी दोन तास उशिरा आली, तरी तुम्ही स्टेशनवरून थेट आलात, चहासुद्धा नंतर घेतलात. इतक्या लांबून आलात, वेळ दिलात, त्याबद्दल आभार.

आपली,
मेधा
संपादन विभागप्रमुख, पुणे कार्यालय

ता. क. शके १८४०ची चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते आहे. लेखकांना विचारलं. १९१८च बरोबर.